कुंपणाला घातलेलं पाणी

अर्थ पिटला पाणी घालणं हे माझं सबस्टेशनमधलं पहिलं काम. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपली होती, सतरा सालचा मे महिना होता आणि कॉलेजने सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगसाठी मला तलासरीकडच्या एका लहानशा सबस्टेशनवर पाठवलं होतं. झरीच्या आमच्या पाड्यावरून जीपने अर्धा तास. घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे ट्रेनिंग म्हणजे काय हे घरी कुणाला सांगता येत नव्हतं. खरं तर मलाही ते नीट माहीत नव्हतं. मी वही घेऊन गेले आणि ऑपरेटरकाकांनी माझ्या हातात बादली दिली.

"आधी पाणी, मग वही," ते म्हणाले.

काका धाकटी डहाणूचे. घरचे सगळे होडीवर, हे एकटेच विजेत आलेले. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मला ते "बाय" म्हणत. यार्डात जमिनीखाली पुरलेल्या लोखंडी पाइपांभोवती मीठ-कोळसा भरलेले खड्डे असतात, तेच अर्थ पिट. ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल, म्हणजे तिन्ही गुंडाळ्यांचा समाईक बिंदू, तिथे जमिनीला जोडलेला असतो. त्या खड्ड्यांत रोज सकाळी पाणी घालायचं. माती ओली असली की जमीन वीज सहज घेते. महिन्यातून एकदा अर्थ टेस्टर लावून खड्ड्याचा रेझिस्टन्स मोजायचा असे, आणि मोजण्याआधी तर पाणी हवंच. "पाणी मारल्याशिवाय रीडिंग घ्यायचं नाय," हे काकांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगायच्या आत मी बादली उचलली तेव्हा म्हणाले, "झालीस तू इंजिनियर."

त्या सबस्टेशनवर तेहतीस हजार व्होल्टचे अकरा हजार होत आणि तीन फीडर, म्हणजे गावांकडे जाणाऱ्या तीन लाइनी, बाहेर पडत. एक आमच्या बाजूला यायचा, चौदा किलोमीटर, शेवटचा खांब आमच्या पाड्याच्या पलीकडे. कंट्रोल रूममधल्या पॅनेलवर त्या फीडरचे तीन अँपिअर मीटर होते, तीन तारांचे तीन. दर तासाला काका त्यांचे आकडे लॉगशीटवर लिहीत. आधी पेन्सिलने, मग तास सरला की त्यावर पेन फिरवत. हे का, विचारलं तर म्हणाले, "पेन खोडता येत नाय."

मी तिथे रुजू होऊन तीन आठवडे झाले होते तेव्हा ती तार तुटली.

मी त्या दिवशी कॉलेजला फॉर्म भरायला गेले होते, त्यामुळे जे लिहिते आहे ते ऐकलेलं. सकाळी अकराच्या सुमाराला आमच्या फीडरची एक तार शेवटच्या टप्प्यात तुटली आणि एका मिरचीच्या वाडीच्या कुंपणावर पडली. काटेरी तारेचं कुंपण, लोखंडी अँगलवर ताणलेलं. त्याचा फाटकाजवळचा पाच अँगलांचा तुकडा बाकीच्यापासून तोडलेला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी खांब होते. तार त्या तुकड्यावर पडली. तार जमिनीला टेकली की सबस्टेशनवरच्या अर्थ फॉल्ट रिलेने ते ओळखून ब्रेकर उघडायचा, म्हणजे लाइन बंद करायची असते, आपोआप, एक-दोन सेकंदांत. तो उघडला नाही. गावातून कुणीतरी फोन केला तेव्हा काकांनी हाताने ब्रेकर उघडला. त्या आधीच माझ्या मामाचा बैल त्या कुंपणाला घासला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आणि पाड्यावरचे दहा-बारा जण सबस्टेशनच्या फाटकात उभे. मी आत, ते बाहेर.

"रिले बांधून ठेवतात हे," मामा म्हणाला. "पुन्हा पुन्हा लाइन जाते, उठून चालू करायला जिवावर येतं. मग काय, दोरा बांधून मोकळं!"

"माझ्या अख्ख्या नोकरीत मी दोरा बांधलेला नाय," काका म्हणाले.

"मग बैल काय आपसूक मेला? हार्ट अटॅकने?"

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मामाचं लक्ष माझ्याकडे गेलं. "तू हायस ना आत? तू शिकलीस ना हेच? तू सांग आमाला, बांधला होता का नव्हता."

खरंच मला माहीत नव्हतं. रिले दोऱ्याने बांधून त्याला ब्रेकर उघडू न दिल्याच्या गोष्टी मी ट्रेनिंगला येण्याआधीही ऐकल्या होत्या. प्रत्येक तालुक्यात अशी एक गोष्ट असते आणि ती नेहमी दुसऱ्या सबस्टेशनची असते.

आमचे साहेब, म्हणजे तिथले ज्युनियर इंजिनियर, तिशीतले, मराठवाड्याकडचे. त्यांना वरच्या ऑफिसला आठवड्यात खुलासा पाठवायचा होता. रिले तपासणारे लोक आले, त्यांनी पेटीतून करंट सोडून पाहिला. रिले ठणठणीत. ऐंशी अँपिअरच्या वर करंट जमिनीतून परत आला की तो उचलत होता, म्हणजे ब्रेकरला उघडायचा इशारा देत होता, लावल्याप्रमाणे. म्हणजे प्रश्न एकच उरला. त्या दिवशी कुंपणातून जमिनीत नेमका किती करंट गेला? ऐंशीच्या वर गेला असेल तर रिले उचलायलाच हवा होता, आणि नाही उचलला म्हणजे कुणीतरी अडवला होता. आणि त्या वेळी कंट्रोल रूममध्ये एकच माणूस होता.

"मोजता येतो का हो तो करंट?" मी विचारलं. माझा आवाज नेहमीसारखाच अर्धा बाहेर आला असावा, कारण साहेबांनी "काय?" असं दोनदा विचारलं.

"गेलेला करंट मोजता येत नाही. काढता येतो," ते म्हणाले. "सिमेट्रिकल कंपोनंट झालेत ना तुमचे? काढा तुम्ही. मी तपासतो."

झाले होते. परीक्षेत त्यावर मला दहापैकी आठ मिळाले होते. पण मला ते समजलं नव्हतं, हे मी इथे कबूल करते. मी सूत्र पाठ केलं होतं. एक तार जमिनीला टेकली की करंट बरोबर तीन गुणिले व्होल्टेज, भागिले तीन इंपिडन्सची, म्हणजे वाटेतल्या अडथळ्यांची, बेरीज, आणि त्यात फॉल्टच्या रेझिस्टन्सची तिप्पट. तिप्पट का? पुस्तकात होतं म्हणून. कॉलेजच्या गणितांत तर तो रेझिस्टन्स बहुतेक वेळा शून्यच दिलेला असे, त्यामुळे शून्याची तिप्पट शून्य, प्रश्नच येत नसे.

आता प्रश्न आला होता. एका माणसाचं नाव त्या तिपटीवर अडकलं होतं, आणि का ते कळल्याशिवाय ते लिहायचं मला धाडस होईना.

ते मला आमच्या अंगणात सुटलं. आई आणि दोन चुलत्या एका उखळात भात कांडत होत्या, तीन मुसळं. एकीचं खाली येतं तेव्हा दुसरीचं वर असतं, तिसरीचं मध्ये. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. मी ते लहानपणापासून पाहत आले आहे. त्या दिवशी मात्र मी पायरीवर वही घेऊन बसले होते आणि एकदम वाटलं, अरे, हेच तर ते. तीन तारांमधला करंट असाच येतो, एकीमागून एक, सारख्या अंतराने. कुठल्याही क्षणी तिन्हींची बेरीज केली तर शून्य, कारण एक वर असते तेव्हा दुसऱ्या खाली असतात. हा सुलट क्रम. थोरल्या चुलतीच्या आधी धाकटी चुलती मारू लागली आणि एक-तीन-दोन झालं तर तो उलट क्रम. बेरीज तरीही शून्य. आणि तिन्ही मुसळं एकाच वेळी पडली तर?

"आई, तिघींनी एकदम मारलं तर काय होईल?"

"उखळ फुटंल," आई म्हणाली. "नायतर जमीन हादरंल. अभ्यास कर."

जमीन हादरेल! मी कितीतरी वेळ ते शब्द वहीत लिहून त्यांच्याकडे पाहत बसले. तीन तारांमधले करंट कितीही वेडेवाकडे झाले तरी ते तीन सरळ संचांत सोडवता येतात: एक सुलट, एक उलट, एक एकत्र. आमच्या फॉल्टमध्ये एकाच तारेतून करंट जमिनीत जात होता, बाकी दोन तारांतून शून्य. (त्यांतला गावाला जाणारा नेहमीचा लोड तेवढा बाजूला ठेवायचा.) तो एक करंट तिन्ही संचांत सारखा वाटला जातो, एकेक तृतीयांश. तुटलेल्या तारेत तिन्ही तृतीयांश एका दिशेने येऊन पूर्ण होतात, उरलेल्या दोन तारांत ते एकमेकांना मारून शून्य होतात. मी कागदावर बाण काढून पाहिलं, खरंच होतात. तीन वेगळ्या वाटांतून सारखाच करंट जातो म्हणजे त्या वाटा एकापुढे एक जोडल्यासारख्याच, म्हणून इंपिडन्सची बेरीज. आणि जमिनीत काय जातं? सुलट आणि उलट संचांची बेरीज शून्य, त्यांचा जमिनीशी संबंध नाही. जमिनीत फक्त एकत्र पडणारा संच जातो, आणि तो तिन्ही मुसळांचा मिळून जातो. कुंपणातून एका मुसळाचा नाही, तिन्हींचा करंट जातो. म्हणून एका मुसळाच्या हिशेबात कुंपणाचा रेझिस्टन्स तिप्पट धरायचा.

मला इतका आनंद झाला की मी आईला सांगायला उठले आणि मग काय सांगायचं ते न सुचून पाणी पिऊन परत बसले.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर मी सगळे आकडे मांडले. वरून येणाऱ्या लाइनचा भाग, ट्रान्सफॉर्मरचा भाग, चौदा किलोमीटर तारेचा भाग. सुलट संचाच्या वाटेत अकरा ओहम, उलट संचाच्या वाटेतही अकरा. एकत्र संचाची वाट लांबची, तारेने जाऊन जमिनीतून परत यायचं, म्हणून तिथे सव्वीस. आणि ती वाट आमच्या ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपाशीच संपते, कारण वरच्या बाजूची गुंडाळी त्रिकोणात जोडलेली असते आणि एकत्र पडणाऱ्या करंटला त्या त्रिकोणातून वरच्या लाइनवर जाता येत नाही. हे मी बोलले तेव्हा साहेबांनी मान वर केली.

"हे नेमके विसरतात पोरं," ते म्हणाले.

हे ओहम सगळे एकाच दिशेचे नसतात, म्हणून कोन सांभाळून बेरीज केली तर सत्तेचाळीस ओहम. अकरा हजार हा दोन तारांमधला दाब. एका तारेचा जमिनीशी सहा हजार तीनशे पन्नास. त्याची तिप्पट भागिले सत्तेचाळीस, म्हणजे तार थेट जमिनीला टेकली असती तर चारशेच्या वर अँपिअर. पण ती कुंपणाला टेकली होती.

"मग कुंपण मोजू," साहेब म्हणाले.

आम्ही वायरमनला घेऊन जीपने गेलो. कुंपण तसंच होतं, तार उचलून वर जोडली होती. वायरमनने दूरवर दोन खुंट्या ठोकल्या, टेस्टरच्या वायरी पसरल्या. साहेब वाडीच्या मालकाशी बोलत होते. मालक रागावलेला होता आणि साहेबांना माठातलं पाणी देत होता, दोन्ही एकदम. मी पाहिलं, मिरचीला पाणी द्यायची झारी फाटकाजवळ पडली होती. मी ती भरली आणि पाचही अँगलांच्या बुडाशी पाणी घातलं. दोन-दोन झाऱ्या. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी अडवलंही नाही. वायरमनने पाहिलं आणि तो म्हणाला, "शाबास, काकांच्या हाताखाली तयार झालीस."

रीडिंग आलं बत्तीस ओहम.

बत्तीसची तिप्पट शहाण्णव. कोन सांभाळून सगळं मिळून एकशे अठ्ठावीस. करंट एकशे एकोणपन्नास अँपिअर.

मी तो आकडा तीनदा काढला. तिन्ही वेळा दीडशेला एक कमी. रिले ऐंशीला लावलेला. दीडशे अँपिअर गेला असता तर रिले एका सेकंदाच्या थोडं पुढे ब्रेकर उघडून मोकळा झाला असता.

साहेबांनी माझा कागद ओळ न् ओळ तपासला. चूक निघाली नाही. "बरोबर आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी खिडकीतून यार्डाकडे पाहिलं. काका बाहेर बादली घेऊन चालले होते. "मी त्यांना विचारलं होतं. शपथ घेतात. पण हे..." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "सोमवारी पाठवावं लागेल मला."

तो शुक्रवार होता. मी बाहेर आले तर काकांनी विचारलं, "काय आलं गं बाय गणित?"

मी सांगितलं. त्यांच्याशी खोटं बोलता आलं नाही. ते रागावले नाहीत. थोडं हसल्यासारखं करून म्हणाले, "मंग गणिताला बी इचार, दोरा कुठल्या रंगाचा होता."

त्या संध्याकाळी घरी मामा आला होता. त्याला बातमी कुठून लागली माहीत नाही. म्हणाला, "बघ, पोरीने धरला की नाय चोर!" आईने माझ्याकडे पाहिलं. मी ताट तसंच ठेवून उठले.

माझी शंका काकांच्या शपथेमुळे सुरू झाली नाही, हेही खरं सांगते. ती मीटरमुळे सुरू झाली. शनिवारी पॅनेलसमोर उभी असताना मला दिसलं की त्या फीडरच्या मीटरची पट्टी दोनशेपर्यंतच आहे. नेहमीचा लोड पंचेचाळीस-पन्नास. त्यात दीडशे मिळाले असते तर काटा जवळजवळ शेवटच्या रेघेला टेकला असता. अकराच्या ठोक्याला काका रीडिंग घेतात. एवढा काटा चढलेला कुणाला दिसणार नाही?

मी त्या दिवसाची लॉगशीट काढली. अकराच्या ओळीत पेनाने लिहिलं होतं, "फीडर बंद केला ११.०७." पण त्या शाईच्या खाली पेन्सिल होती. मी कागद उजेडात तिरका धरला. अठ्ठेचाळीस. सेहेचाळीस. शंभर.

शंभर. दोनशे नाही.

"काका, हे काय?"

त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि खुर्चीवर बसले. "तुला दिसलं होय," म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. अकराला त्यांनी रीडिंग घेतलं. तिसरा काटा शंभरावर. त्यांना वाटलं, कुणीतरी वेडावाकडा पंप चालवतोय. रिले उचलला नव्हता, म्हणजे तार जमिनीला टेकलेली नाही असा त्यांचा समज. त्यांनी वायरमनला फोन लावला, तो लागेना, पुन्हा लावला. तेवढ्यात गावातून फोन आला आणि त्यांनी पळत जाऊन ब्रेकर उघडला. सात मिनिटं.

"हे साहेबांना का नाही दाखवलं? पुरावा आहे हा!"

"कसला पुरावा? काटा वर दिसला आन् सात मिनटं फोन फिरवत बसला, ह्याचा?" ते म्हणाले. "बैल त्या सात मिनटांत गेला का आधी गेला, कोणाला ठाव? मी रोज तेच इचार करतो."

मी वही उघडली, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. फॉल्टचा करंट लोडमध्ये थोडा तिरका मिळतो. नेहमीच्या सत्तेचाळीस अँपिअरचे शंभर व्हायला साधारण पंचावन्न अँपिअर लागतात. मग मी गणित उलटं केलं. पंचावन्न यायला कुंपण किती ओहमचं हवं? शंभरच्या थोडं वर.

आणि आम्ही मोजलं होतं बत्तीस.

मी काकांना म्हटलं, "पण आम्ही नीट मोजलं. खुंट्या लांब ठोकल्या, वायरी तपासल्या, पाणी..."

तिथेच थांबले. काकांनीही वर पाहिलं.

"कोणी घातलं पाणी?"

"मी."

"कुंपणाला?"

"तुम्हीच म्हणता ना, पाणी मारल्याशिवाय रीडिंग घ्यायचं नाही."

ते इतक्या मोठ्याने हसले की बाहेरचा वॉचमन आत डोकावला. मग डोळे पुसत म्हणाले, "अगं बाय, ते आपल्या खड्ड्याला! तो चांगला यावा म्हणून! कुंपणाला त्या दिवशी कोण पाणी घालायला गेलं होतं? तार पडायच्या आधी?"

कुणीच नाही. फाटकाजवळ मिरची नव्हती, मुरूम होता, मे महिन्याचा कोरडा मुरूम. मी त्याला पाणी पाजून मग विचारलं होतं, तू त्या दिवशी किती वीज घेतलीस. आणि माझी ती चूक त्या तिपटीने तिप्पट मोठी होऊन गणितात बसली होती. माझं सूत्र बरोबर होतं, बेरीज बरोबर होती, फक्त कुंपण त्या दिवसाचं नव्हतं.

रविवारी सकाळी मी साहेबांना फोन केला. आयुष्यात साहेबाला फोन करण्याची ती पहिली वेळ, आणि तोही चूक सांगायला. ते म्हणाले, "उन्हात तीन दिवस तरी गेले पाहिजेत. सोमवारी पाठवत नाही मी. पण मॅडम, एक लक्षात घ्या. तुम्हाला एकशे चार हवेत म्हणून एकशे चार येणार नाहीत. जे येईल ते लिहायचं."

"हो," मी म्हटलं. शंभराच्या थोडं वर एवढंच मी त्यांना सांगितलं होतं, एकशे चार हा त्यांनी सहज टाकलेला आकडा.

बुधवारी पुन्हा गेलो. या वेळी साहेबांनी फाटकाजवळची झारी स्वतः उचलून जीपमध्ये ठेवली. मामाही आला होता, हाताची घडी घालून उभा. मी अँगलच्या बुडाशी माती उकरून पाहिली, कोरडी होती, तरी माझी खात्री होईना. वायरमनने हँडल फिरवलं. काटा हलला, थांबला.

अठ्ठ्याण्णव.

मला अपेक्षा होती त्यापेक्षा कमी. मी तिथेच, जीपच्या बॉनेटवर वही ठेवून गणित केलं. तिप्पट दोनशे चौऱ्याण्णव. सगळं मिळून तीनशे बावीस. एकोणीस हजार पन्नास भागिले तीनशे बावीस.

"एकोणसाठ," मी म्हटलं.

"काट्यावरून पंचावन्न, गणितातून एकोणसाठ," साहेब म्हणाले. "शेतातल्या फॉल्टसाठी याहून जवळ कुणी येऊन दाखवावं. आणि दोन्ही ऐंशीच्या खाली."

"म्हंजे?" मामाने विचारलं.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी मामाला मुसळांचं सांगणार होते, पण ते लांबलं असतं. मी म्हटलं, "मामा, कोणी काही बांधलं नव्हतं. कुंपण इतकं कोरडं होतं की वीज जमिनीत गेली ती रिलेला दिसण्याइतकी नव्हती. पण बैलाला पुरेल इतकी होती."

मामा कुंपणाकडे बघत राहिला. "एवढी कमी, तरी?"

"कमी गेली म्हणूनच लाइन चालू राहिली."

जाताना त्याने काकांबद्दल एकच विचारलं, "ते पाणीवाले काका, तेच ना? त्यांना सांग, मी येऊन जाईन." तो कधी गेला की नाही, मी विचारलं नाही.

खुलासा गेला. साहेबांनी त्यात पेन्सिलीचे आकडेही लिहिले, सात मिनिटंही लिहिली. काकांनी ते वाचून सही केली. रिले अडवल्याचा ठपका पुसला गेला. उशिराबद्दल त्यांना एक लेखी समज मिळाली, ती त्यांनी घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवली. खुलाशाच्या शेवटी मी एक ओळ घालायला सांगितली होती: पहिलं मोजमाप पाणी घातल्यामुळे रद्द, चूक प्रशिक्षणार्थीची. साहेब म्हणाले गरज नाही. मी म्हटलं, आहे. तेवढं एक वाक्य मी न अडखळता बोलले.

शेवटची शिफारस रिलेची होती. रिले किती करंटला उचलेल ते ठरवणारा प्लग चाळीस टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर, म्हणजे ऐंशीऐवजी चाळीस अँपिअर. तसं असतं तर त्या दिवशी एकोणसाठ अँपिअरला ब्रेकर दोनेक सेकंदांत उघडला असता. प्लग काकांच्या समोर साहेबांनी हलवला. काका म्हणाले, "साहेब, पावसात झाडाची फांदी नुसती टेकली तरी जाईल लाइन. मी उठबस करून मरेन."

"माहितीय," साहेब म्हणाले. "म्हणूनच कुणीतरी आधी ऐंशीला ठेवला असणार."

तसंच झालं. माझं ट्रेनिंग संपलं, कॉलेज सुरू झालं, आणि जुलैत मी घरी आले की आमच्या पाड्यावरची वीज दिवसातून दोन-तीनदा जायची. लोक चिडायचे. मामाही चिडायचा, आणि मग माझ्याकडे बघून गप्प बसायचा.

एका शनिवारी मी सबस्टेशनवर गेले. काका नुकतेच फीडर चालू करून बसले होते. मला पाहून म्हणाले, "आली का चाळीस अँपिअर मॅडम. आज तिसऱ्यांदा उठवलंय तुझ्या गणिताने."

"काय होतं?"

"झावळ्या घासतात. वायरमन गेलाय कापायला." ते पॅनेलकडे वळले, तीन वाजले होते. त्यांनी तिन्ही काटे पाहिले, पेन्सिलने आकडे लिहिले, आणि तिसऱ्या काट्यापाशी जरा जास्त वेळ थांबले. मग माझ्याकडे पेन्सिल पुढे केली.

"तू बी बघ एकदा," म्हणाले. "सारखे हायत ना तिन्ही?"

मी पाहिलं. बावन्न, एक्कावन्न, बावन्न.

"सारखे आहेत," मी म्हटलं. बाहेर पाऊस पडत होता, अर्थ पिट काठोकाठ भरले होते आणि बादली कोपऱ्यात उपडी ठेवली होती.